पडघ्याची धारा आणि आंदोलनाचा निवाडा

भिवंडी तालुक्यात मुंबई–नाशिक महामार्गालगत असलेल्या पडघे येथे चंद्रपूरहून येणारी एक वेगळ्या जातीची वीजवाहिनी संपते. सुमारे ७५० किलोमीटर लांबीची ही वाहिनी १९९९ साली सेवेत आली, तिच्यातून नेहमीची प्रत्यावर्ती धारा न वाहता एकदिश धारा वाहते, आणि तिचे दोन ध्रुव जमिनीच्या सापेक्ष अधिक ५०० व उणे ५०० किलोव्होल्ट दाबावर असतात. पूर्ण क्षमतेने ही वाहिनी १५०० मेगावॉट शक्ती आणते. दोन ध्रुवांमधील दाब १००० किलोव्होल्ट असल्यामुळे तारांतून वाहणारी धारा तेव्हा सुमारे १५०० अँपिअर असते. पडघ्याच्या परिवर्तक केंद्रात थायरिस्टर नावाच्या अर्धवाहक झडपा ही एकदिश धारा आळीपाळीने तीन प्रावस्थांमध्ये वळवतात आणि तिच्यापासून प्रत्यावर्ती वीज तयार करून ती ४०० किलोव्होल्टच्या जाळ्यात सोडतात. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकवला जाणारा एक प्रश्न, म्हणजे धारास्रोताने चालवलेल्या समांतर परिपथाला धारेची एकाएकी पायरी दिली तर तो कसा वागेल हा प्रश्न, या केंद्राच्या प्रत्यावर्ती बाजूला रोज प्रत्यक्षात घडत असतो.

धारास्रोत म्हणजे असा स्रोत की जो समोरचा परिपथ कसाही असो, ठरलेली धारा त्यात ढकलतो आणि त्यासाठी लागेल तो दाब स्वतः उभा करतो. घरातील वीजजोडणी याच्या उलट असते, कारण तिथे दाब ठरलेला असतो आणि धारा उपकरणावर अवलंबून राहते. पडघ्याच्या परिवर्तकाला धारास्रोत म्हणण्याचे कारण असे की एकदिश बाजूला धारा गुळगुळीत ठेवणारे मोठे प्रवर्तक वेटोळे बसवलेले असते, लांबलचक वाहिनीचे स्वतःचे प्रवर्तकत्वही त्याच्या जोडीला असते, आणि शिवाय चंद्रपूरच्या टोकाचा नियंत्रक ही धारा ठरलेल्या मूल्यावर धरून ठेवतो. त्यामुळे काही मिलिसेकंदांच्या हिशेबात ती जवळजवळ स्थिर मानता येते. झडपा ही स्थिर धारा एका प्रावस्थेतून दुसरीत ढकलतात तेव्हा प्रत्येक प्रावस्थेला ती सलग लहरीच्या रूपात न मिळता चढत्या-उतरत्या पायऱ्यांच्या रूपात मिळते. बारा स्पंदांच्या रचनेत ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात, म्हणजे २० मिलिसेकंदांत, अशा बारा पायऱ्या येतात, आणि दोन पायऱ्यांमध्ये केवळ १.६७ मिलिसेकंदांचे अंतर असते.

ही पायरी ज्या परिपथावर आदळते त्याचे तीन घटक ओळखणे अवघड नाही. परिवर्तकामुळे निर्माण होणाऱ्या अकराव्या, तेराव्या व त्यापुढच्या गुणित वारंवारता गाळण्यासाठी आणि परिवर्तकाला लागणारी प्रतिक्रिय शक्ती पुरवण्यासाठी बसपट्टीवर मोठाले गाळक व धारित्रे जोडलेली असतात. अकराव्या गुणितापेक्षा बऱ्याच खालच्या वारंवारतांना हे सगळे गाळक मिळून एका मोठ्या धारित्रासारखेच दिसतात, आणि हा झाला `C`. बसपट्टीच्या पलीकडे वाहिन्या, रोहित्रे आणि दूरची जनित्रे यांचे जाळे पसरलेले असते व त्याचे मुख्य लक्षण प्रवर्तकत्व हे असते, म्हणून तो झाला `L`. उरलेली गोष्ट म्हणजे भार. त्यात खर्च होणारी शक्ती रोधाने, म्हणजे `R` ने, दाखवता येते. तिन्ही घटक त्याच बसपट्टीवर एका टोकाने जोडलेले असल्यामुळे तिघांवरचा दाब एकच असतो आणि धारा मात्र तिघांत वाटली जाते. समांतर परिपथाची व्याख्याही एवढीच आहे. ५० हर्ट्झचा मूळ दाब तर तिथे आहेच. परंतु परिपथ रेषीय मानला की तो बाजूला ठेवून त्यावर स्वार होणाऱ्या क्षणिक बदलाचाच वेगळा हिशेब करता येतो.

पायरी आल्याच्या पहिल्या क्षणी काय घडते हे सूत्र न लिहिताही सांगता येते. धारित्रावरचा दाब एकाएकी बदलू शकत नाही, म्हणून तो शून्यच राहतो. दाब शून्य म्हणून रोधातून धारा जात नाही. वेटोळ्यातली धाराही एकाएकी बदलू शकत नाही, म्हणून तीही शून्य. साहजिकच आलेली सगळीच्या सगळी धारा प्रथम धारित्रात शिरते. पुष्कळ वेळ गेल्यावर मात्र चित्र पूर्ण उलटते, कारण स्थिर धारेला वेटोळे अडवत नाही आणि अखेरीस सर्व धारा वेटोळ्यातून वाहू लागते, तर बसपट्टीवरचा जादा दाब शून्यावर परततो. आरंभ आणि शेवट ही दोन्ही टोके अशा रीतीने ठरलेली असतात, आणि या दोन टोकांना जोडणारी वाट कशी असेल, म्हणजे धारा धारित्रातून वेटोळ्यात सावकाश सरकेल की पुढे-मागे हेलकावे खात जाईल, एवढाच खरा प्रश्न उरतो. हे हेलकावे विझवणाऱ्या प्रक्रियेला अवमंदन म्हणतात.

पायरीची उंची `I` मानली, तर तिन्ही शाखांतील धारांची बेरीज `I` इतकी असली पाहिजे या किर्खोफच्या नियमावरून वेटोळ्यातल्या धारेसाठी पुढील समीकरण मिळते.

`LC·i″ + (L/R)·i′ + i = I`

याला `LC` ने भागले की दोन राशी आपोआप वेगळ्या पडतात. एक म्हणजे `ω₀ = 1/√(LC)`, ही परिपथाची नैसर्गिक कोनीय वारंवारता, म्हणजे काहीही शक्ती खर्च होत नसती तर तो ज्या वेगाने झुलत राहिला असता तो वेग. दुसरी म्हणजे `α = 1/(2RC)`, हा अवमंदन गुणांक, म्हणजे झुलण्याला विझवणारा वेग. निवाडा या दोघांच्या तुलनेत आहे: `α` मोठा असेल तर परिपथ अतिअवमंदित होतो आणि धारा न झुलता, पण रेंगाळत शेवटच्या मूल्याला पोचते; दोन्ही समान असतील तर तो क्रांतिक अवमंदित असतो आणि न झुलता शक्य तितक्या लवकर पोचतो; `α` लहान असेल तर तो ऊनअवमंदित असतो आणि धारा शेवटच्या मूल्याच्या पुढे जाऊन, मागे येऊन, हळूहळू स्थिरावते. पायरी १० अँपिअरची की १००० अँपिअरची, किंवा आरंभी वेटोळ्यात थोडी धारा होती की नव्हती, याचा या निवाड्याशी काहीही संबंध नसतो. त्यांनी वक्राची उंची व सुरुवात बदलते, जात बदलत नाही.

विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते आणि तिचे मूळ अभ्यासक्रमाच्या क्रमात आहे. एकसरी परिपथ आधी शिकवला जातो, त्यात `α = R/(2L)` असते, आणि रोध वाढवला की आंदोलन विझते ही समजूत मनात घट्ट बसते. समांतर परिपथात `R` छेदात आहे, म्हणून इथे रोध वाढवला की अवमंदन कमी होते. कारण पाहिले तर हे विचित्र वाटू नये. एकसरी जोडणीत धारेला रोधातून जावेच लागते, त्यामुळे रोध जितका मोठा तितकी शक्ती अधिक खर्च होते. समांतर जोडणीत रोध ही एक बाजूची वाट आहे, आणि ती वाट जितकी अरुंद तितकी थोडी धारा तिच्यातून जाऊन उष्णतेत संपते व उरलेली धारित्र आणि वेटोळे यांच्यात अदलाबदल होत राहते. अनंत रोध म्हणजे ती वाट बंदच. मग आंदोलनाला विझवणारे कुणी उरत नाही.

आकड्यांनी हे पडताळून पाहण्यासाठी पडघ्यासारख्या ४०० किलोव्होल्टच्या बसपट्टीचे एक नमुना चित्र घेता येईल. पुढील मूल्ये हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल निवडलेली आहेत, ती त्या केंद्राची मोजलेली मूल्ये नव्हेत. तथापि अशा केंद्राला ती परिमाणाने शोभतील अशी आहेत. जाळ्याचे प्रवर्तकत्व दर प्रावस्थेला ५० मिलिहेन्री धरले, म्हणजे त्या ठिकाणची मंडलसंक्षेप क्षमता सुमारे १०,००० मेगाव्होल्ट-अँपिअर येते. धारकता २० मायक्रोफॅरड धरली, म्हणजे गाळक व धारित्रे मिळून सुमारे १००० मेगाव्हार प्रतिक्रिय शक्ती देतात. `LC` चा गुणाकार तेव्हा बरोबर दशलक्षांश येतो, `ω₀` दर सेकंदाला १००० रेडियन, म्हणजे सुमारे १५९ हर्ट्झ. `α` आणि `ω₀` समान ठेवणारा रोध `½√(L/C)` असतो. `√(L/C)` इथे ५० ओहम असल्यामुळे क्रांतिक रोध २५ ओहम ठरतो. यापुढे निवाड्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: प्रत्यक्ष रोध २५ ओहमपेक्षा कमी की जास्त?

बसपट्टीवर १६०० मेगावॉट भार आहे असे मानले, तर दाबाच्या वर्गाला शक्तीने भागून दर प्रावस्थेचा रोध १०० ओहम मिळतो. तो २५ पेक्षा चौपट असल्यामुळे परिपथ नि:संशय ऊनअवमंदित आहे. `α` २५० येतो, आणि प्रत्यक्ष आंदोलनाची कोनीय वारंवारता `ω_d = √(ω₀² − α²)` ही ९६८, म्हणजे सुमारे १५४ हर्ट्झ. वेटोळ्यातली धारा अशी लिहिता येते.

`i(t) = I·[1 − e^(−250t)·(cos 968t + 0.258 sin 968t)]`

ही धारा सुमारे ३.२ मिलिसेकंदांनी शिखराला पोचते आणि तेव्हा ती शेवटच्या मूल्यापेक्षा ४४ टक्क्यांनी अधिक असते. पायरी १००० अँपिअरची असेल तर बसपट्टीवरचा जादा दाब साधारण १.४ मिलिसेकंदांनी ३६ किलोव्होल्टपर्यंत चढतो. ४०० किलोव्होल्टच्या जाळ्यात एका प्रावस्थेच्या दाबाचे शिखर सुमारे ३२७ किलोव्होल्ट असते, तेव्हा ही भर त्याच्या ११ टक्क्यांच्या आसपास जाते. दुर्लक्ष करण्याजोगी ती नव्हे.

आता तीच बसपट्टी पहाटेच्या वेळी पाहावी. भार उतरून ४०० मेगावॉट झाला आहे, तारा त्याच आहेत, आणि गाळक तेवढेच जोडलेले राहिले आहेत. रोध ४०० ओहम झाला, `α` ६२.५ वर आला, आणि वेटोळ्यातल्या धारेची पहिली उडी ४४ वरून ८२ टक्क्यांवर गेली. यापेक्षा महत्त्वाचा फरक आंदोलनाच्या आयुष्यात आहे: दिवसाच्या भारात त्याची उंची दर ४ मिलिसेकंदांनी सुमारे ३७ टक्क्यांवर येत होती, पहाटे त्यासाठी १६ मिलिसेकंद लागतात. पायऱ्या तर दर १.६७ मिलिसेकंदांनी येतच आहेत. दिवसा एका पायरीचे बरेचसे आंदोलन पुढच्या दोन-तीन पायऱ्यांत विरते. पहाटे जवळजवळ सबंध आवर्तनभराच्या पायऱ्यांची आंदोलने एकमेकांवर चढलेली असतात. साऱ्या पायऱ्या अगदी सारख्या अंतराने व समतोल आल्या तर त्यांची बेरीज १५४ हर्ट्झच्या जवळपास परस्परांना काटते, आणि बारा स्पंदांच्या रचनेचा फायदाही हाच. परंतु मोठ्या बिघाडानंतर किंवा रोहित्र चालू करताना त्याचा गाभा संपृक्त झाला की दुसऱ्या-तिसऱ्या गुणिताच्या धारा जाळ्यात येतात, आणि तिसरे गुणित १५० हर्ट्झ म्हणजे या परिपथाच्या स्वतःच्या वारंवारतेला खेटूनच आहे.

भिवंडीच्या परिसरापुरते आणखी एक सांगणे जरूर आहे. मेगावॉटवरून रोध काढण्याची वरची रीत तापक शेगड्यांना आणि जुन्या तंतुदिव्यांना नीट लागू पडते. इथल्या यंत्रमागांना ती तशी लागू पडत नाही. यंत्रमाग फिरवणारी प्रवर्तन मोटर ५० हर्ट्झला जी शक्ती घेते ती मुख्यतः यांत्रिक कामासाठी असते, आणि दीडशे हर्ट्झच्या क्षणिक आंदोलनाला ती मोटर प्रामुख्याने एक छोटे प्रवर्तकत्व म्हणूनच दिसते. त्यामुळे मागांनी भरलेल्या गावाचा १०० मेगावॉट भार आंदोलन विझवण्यात शेगड्यांच्या १०० मेगावॉटपेक्षा कमी पडतो. भार मेगावॉटमध्ये मोजून अवमंदन पुरेसे आहे असा निष्कर्ष काढणारा हिशेब म्हणूनच आशावादी ठरतो, आणि अशा हिशेबात रोध जाणूनबुजून मोठा धरणे हेच शहाणपणाचे.

उरलेल्या दोन प्रकारांचा विस्तार येथे लागत नाही, पण तुलनेसाठी त्यांचे रूप पाहणे उपयोगाचे आहे. रोध २० ओहम असता तर `α` १२५० झाला असता आणि समीकरणाची दोन मुळे −५०० व −२००० अशी वेगवेगळी वास्तव आली असती.

`i(t) = I·[1 − (4/3)e^(−500t) + (1/3)e^(−2000t)]`

यातले दुसरे पद चटकन नाहीसे होते आणि पहिले रेंगाळते. अतिअवमंदित परिपथाची मंद चाल ही त्या एका सावकाश मुळाची चाल असते. रोध बरोबर २५ ओहम असता तर दोन्ही मुळे −१००० वर एकत्र आली असती आणि उत्तर `I·[1 − (1 + 1000t)·e^(−1000t)]` असे मिळाले असते. क्रांतिक अवस्था ही गणिताची सीमारेषा आहे, ती प्रत्यक्षात गाठून राहण्याची जागा नव्हे. धारित्राचे मूल्य तापमानाने किंचित सरकले तरी परिपथ या किंवा त्या बाजूला जातो, आणि रोध २४ की २६ ओहम हे वक्राकडे पाहून कुणालाही ओळखता येणार नाही.

ऊनअवमंदित परिपथ मात्र स्वतःची ओळख स्वतःच सांगतो. दाबाच्या नोंदीत मूळ ५० हर्ट्झची लहर वजा करून उरलेल्या आंदोलनाची एकाच दिशेची दोन लागोपाठ शिखरे मोजली, आणि त्यांच्यामधला काळ `T` व उंचींचे गुणोत्तर घेतले, की `α = (1/T)·ln(पहिले शिखर / दुसरे शिखर)` यावरून अवमंदन गुणांक मिळतो. वरच्या दिवसाच्या उदाहरणात दुसरे शिखर पहिल्याच्या एक पंचमांश एवढेच राहते, पहाटेच्या उदाहरणात ते दोन तृतीयांश राहते. हा फरक नोंदीवर नजर टाकताच दिसतो, आणि धारकता माहीत असल्यास त्यावरून प्रत्यक्ष परिणामी रोधही काढता येतो. हिशेबाने काढलेला रोध व नोंदीतून निघालेला रोध यांत मोठी तफावत असेल, तर भाराबद्दलचे गृहीतक तपासून पाहावे लागते. या नोंदीला एक मर्यादा आहे. झडपांमधील धारेचा पालट क्षणार्धात होत नाही, त्याला सुमारे एक मिलिसेकंद लागू शकतो, आणि आंदोलनाचा पाव आवर्तनकाळ दीड मिलिसेकंदांच्या घरात असल्यामुळे खरी पायरी थोडी उतरती, गोलसर असते. तिने उठवलेले पहिले शिखर म्हणून हिशेबापेक्षा ठेंगणे दिसते. `α` आणि `ω_d` मात्र तेच राहतात, कारण ते परिपथाचे आहेत, पायरीचे नव्हेत.

आंदोलन दीर्घकाळ टिकल्याने होणारे नुकसान केवळ जादा दाबाचे नसते. पडघ्यातल्या थायरिस्टर झडपेला धारा सोडून दिल्यानंतर विझण्यासाठी थोडा काळ तिच्यावर उलटा दाब मिळावा लागतो, आणि तो काळ बसपट्टीवरचा दाब शून्यातून केव्हा जातो यावर अवलंबून असतो. १५४ हर्ट्झचे आंदोलन मूळ लहरीवर स्वार झाले की शून्याची ती वेळ पुढे-मागे सरकते. ती लवकर आली आणि झडप पुरती विझली नाही, तर तीच झडप पुन्हा वाहू लागते, धारेचा पालट फसतो आणि काही क्षण एकदिश बाजूचे मंडलसंक्षेपन होते.

तेव्हा बसपट्टीवर सरळ २५ ओहमचा रोध जोडून आंदोलन मोडून का काढू नये, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. उत्तर एका भागाकारात आहे: ४०० किलोव्होल्टच्या दाबाखाली २५ ओहमचा तीन-प्रावस्था रोध सतत ६४०० मेगावॉट उष्णतेत जाळेल, म्हणजे चंद्रपूरहून येणाऱ्या १५०० मेगावॉटच्या चौपटीहून अधिक. म्हणूनच अशा केंद्रांच्या गाळकांत रोध ठेवताना त्याच्याभोवती वेटोळे व धारित्र यांची ५० हर्ट्झला अनुनादी एकसरी जोडी समांतर जोडण्याची युक्ती वापरली जाते. ५० हर्ट्झला ही जोडी जवळपास बिनअडथळ्याची वाट बनते आणि मूळ धारा रोधाला वळसा घालून जाते. दीडशे हर्ट्झला ती वाट अडते आणि आंदोलनाच्या धारेला रोधातूनच जावे लागते. अशा गाळकाला सी-प्रकारचा गाळक म्हणतात, आणि शक्ती वायाही जाऊ नये व आंदोलनही विझावे या दोन्ही अटी तो एकाच वेळी पाळतो. गाळकाचा आराखडा तपासणाऱ्याने म्हणून दुपारच्या भाराबरोबर पहाटेच्या सर्वांत कमी भाराचाही हिशेब करावा, कारण समांतर परिपथात सर्वांत मोठा रोध आणि सर्वांत थोडे अवमंदन त्याच वेळी असते.